अंतिम हिशेबपत्रक

अंतिम हिशेबपत्रक, अर्थात फुल अँड फायनल सेटलमेंट, हे राजीनाम्यानंतरच्या देय व वसूलपात्र रकमांचे विवरण होय. समजा, यवतमाळच्या एखाद्या सूतगिरणीतील लिपिकाचे अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा ७ वर्षे ८ महिने आहे. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे २६ दिवस धरतात. म्हणून दिवसाचे वेतन १,००० रुपये येते. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष गणला जात असल्याने, वर्षाला १५ दिवसांप्रमाणे ८ वर्षांचे १,२०,००० रुपये होतात. पत्रकात १,०५,००० दिसल्यास सातच वर्षे धरली गेली, हे ओळखावे. रजा-रोखीकरणाचा भाजक मात्र आस्थापनेच्या नियमांवर ठरतो. शिल्लक रजा अखेरच्या वेतनचिठ्ठीशी ताडून पाहावी. नोटीस-काळाची तूट व उचल वसुलीत दाखवतात. ग्रॅच्युइटी रोखण्याची मुभा नुकसान किंवा गैरवर्तनामुळे सेवा समाप्त केली असेल तरच असते. साध्या राजीनाम्यात नाही.