पगार वाढला, पण खरेच किती?

समजा, चार वर्षांत आपला पगार १५,००० वरून १८,००० झाला. वीस टक्के वाढ! ती खरी आहे का, हे दोन पगारपत्रकांवरून तपासू.

डिसेंबर २०२० आणि डिसेंबर २०२४, असा एकच महिना घेऊ. ओव्हरटाइम, बोनस, थकबाकी वगळून कपातीपूर्वीची रक्कम धरू. केंद्राच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक (पायाभूत वर्ष २०१६) या काळात ११८.८ वरून १४३.७ झाला. १८,००० ला ११८.८ ने गुणून १४३.७ ने भागले की १४,८८१ येतात. हातात ३,००० जास्त दिसतात, पण जुन्या भावाने पाहिले तर पगार ११९ रुपयांनी घटला.

हा निर्देशांक सरासरी आहे. भाडे आणि शाळेची फी जास्त असलेल्या घराला महागाई वेगळी लागते. म्हणून जुन्या पावत्या काढून तेवढ्याच सामानाची, त्याच खोलीच्या भाड्याची दोन्ही वेळची बेरीज करू. १०,००० चे १२,८०० झाले असतील, तर आपली महागाई २८ टक्के. वीस टक्क्यांची वाढ तिथे बरीच मागे पडते. पगारवाढ मागायला जाताना हे दोन्ही हिशेब सोबत नेऊ.