फरक तीन ओळींचा, चुका सहा

दर महिन्याच्या 11 तारखेआधी व्यापारी आणि त्यांचे कर सल्लागार एकाच कामाला जुंपलेले असतात. जीएसटीआर-1 भरण्याची ही मुदत. दुकानाच्या बिलिंगमधून निघालेली विक्रीची यादी आणि सल्लागाराने विवरणपत्रासाठी केलेली यादी जुळायला हवी. ती जुळली नाही आणि एखादे बिल राहून गेले, तर भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. ते बिल त्याच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसत नाही आणि भरलेल्या कराचे क्रेडिट त्या महिन्यात हातातून जाते.

हार्डवेअरच्या एका घाऊक दुकानाचे उदाहरण घेऊ. सप्टेंबरमध्ये जीएसटी क्रमांक असलेल्या गिऱ्हाइकांची बिले दुकानाच्या यादीत 412 आणि सल्लागाराच्या यादीत 409. कुणीही म्हणेल, तीन बिले राहिली, ती शोधू आणि मोकळे होऊ. घोटाळा इथेच होतो. एका यादीत पाच ओळी कमी आणि दोन जास्त असल्या, तरी वजाबाकी तीनच येते. म्हणून शोध दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो.

ताळा कशावर घ्यायचा, हे आधी ठरवावे. गिऱ्हाइकाच्या नावावर घेतला तर एकाच नावाची दहा बिले निघतात, रकमेवर घेतला तर 1,180 रुपयांची चार. बिल क्रमांक मात्र आर्थिक वर्षात पुन्हा येत नाही. तोच धरावा. एक बिल म्हणजे एकच ओळ आहे ना, हेही पाहून घ्यावे. काही यादीत मालाच्या प्रत्येक जिनसाला वेगळी ओळ असते.

एक्सेलमध्ये दोन्ही याद्या एकाच फाइलच्या दोन शीटवर ठेवल्या, Dukan आणि Kar. बिल क्रमांक A स्तंभात. दुकानाच्या प्रत्येक ओळीसमोर हे सूत्र:

```
=COUNTIF(Kar!$A:$A,A2)
```

हा क्रमांक दुसऱ्या यादीत किती वेळा आला, एवढेच ते सांगते. 0 म्हणजे नाही, 1 म्हणजे आहे, 2 म्हणजे दोनदा चढला. पहिल्या फेरीत 36 ओळींसमोर 0 आला. एवढा आकडा पाहिला की धस्स होते, पण त्यातले एक बिल डोळ्यांनी शोधून पाहावे. HW/25-26/2310 समोरच्या यादीत ठळक दिसत होते. मग जुळले का नाही? त्याच्या शेवटी एक रिकामी जागा होती. ईमेलमधून किंवा वेब पानावरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात अशा जागा येतात. त्यातली एक जात तर TRIM लाही हटत नाही, कारण तिचा कोड 160 असतो. म्हणून दोन्ही शीटवर H स्तंभात क्रमांक धुऊन घेतले:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")," ","")
```

COUNTIF आता H स्तंभावर चालवला आणि 36 वरून 5 उरले. बाकीची 31 बिले हरवलेली नव्हतीच. उलट दिशेने, सल्लागाराच्या यादीवरून दुकानाच्या यादीत शोधले, तेव्हा एकच 0 आला.

आता हिशेब करून पाहा. 412 मधून 5 गेले, 407 राहिले. 409 मधून 1 गेले, 408 राहिले. तरी एक ओळ जास्तच. ती दाखवली 2 या उत्तराने: HW/25-26/2374 हे बिल सल्लागाराच्या यादीत दोनदा होते, पण रकमा वेगळ्या. त्यातली एक रक्कम दुकानाच्या 2347 क्रमांकाच्या बिलाशी तंतोतंत जुळली, आणि 2347 हे न सापडलेल्या पाचांपैकीच होते. टाइप करताना 4 आणि 7 ची अदलाबदल झाली होती. न सापडलेली ओळ आणि दुबार ओळ ही एकाच चुकीची दोन टोके निघाली.

उरलेल्या चारांपैकी तीन बिले 30 सप्टेंबरच्या संध्याकाळची. सल्लागाराकडे फाइल त्याआधीच गेली होती. चौथे रद्द केलेले होते. ते विक्रीत धरायचे नाही, पण जारी केलेल्या बिलांच्या तक्त्यात रद्द म्हणून मोजायचे. दुरुस्तीनंतर दुकानाकडे 411 बिले राहिली. सल्लागाराच्या 409 मध्ये तीन वाढली आणि एक वजा झाले, तिथेही 411.

मात्र क्रमांक जुळले म्हणजे रकमा जुळल्या असे नाही. COUNTIF रकमेकडे पाहतच नाही. त्यासाठी याच H स्तंभावर SUMIF लावून प्रत्येक बिलाची रक्कम वेगळी ताडावी लागते.

वजा झालेले ते एक बिल 31 ऑगस्टचे होते. ते काढण्याआधी ऑगस्टचे विवरणपत्र उघडून पाहिले आणि तिथे ते भरलेले सापडले, म्हणूनच ते काढता आले. तिथे ते नसते, तर सप्टेंबरच्या यादीत ठेवणेच बरोबर ठरले असते.