दाराशी किती घ्यायचे, आत किती?

डिस्नेलँडमध्ये 1982 पर्यंत दोनदा पैसे मोजावे लागत. दारावर प्रवेश शुल्क, आणि आत राइडसाठी कूपन. वॉल्टर ऑय या अर्थतज्ज्ञाने 1971 मध्ये नेमके हेच उदाहरण घेऊन विचारले, की ज्याला स्पर्धकच नाही अशा मालकाने दारावर किती घ्यावे आणि राइडमागे किती?

समजा, येणारे सगळे अगदी एकाच आवडीचे आहेत. प्रत्येकाला पहिली राइड 100 रुपयांची वाटते, दुसरी 90 ची, आणि अशी दहा-दहाने उतरत दहावी फक्त 10 ची. मालकाला एक राइड चालवायला 25 रुपये लागतात. प्रवेश फुकट ठेवून फक्त राइडवर कमवायचे ठरवले, तर सर्वांत चांगला दर 70 रुपये. माणूस चार राइड घेतो, नफा 180. पण पाचवी राइड त्याला 60 ची वाटते आणि चालवायला 25 च लागतात, तरी ती होत नाही. मधले 35 रुपये कुणाच्याच खिशात पडत नाहीत.

आता राइडचा दर थेट खर्चाएवढा, म्हणजे 25 ठेवा. पाहुणा आठ राइड घेतो. त्या त्याला 520 रुपयांच्या वाटतात, कूपनांना लागतात 200. उरलेल्या 320 ला अर्थशास्त्रात संतोषाधिक्य म्हणतात, आणि मालक नेमके तेवढेच दारावर मागतो. कूपनांवर त्याला एक पैसाही सुटत नाही, तरी नफा 180 वरून 320 वर जातो.

राइडवर थोडे तरी कमवावे, असा मोह कुणालाही होईल. दर 40 केला तर राइड सात होतात. कूपनांतून 105 सुटतात, पण दारावर 210 च मिळतात. बेरीज 315. गेलेले पाच रुपये आठव्या राइडचे. उलट राइड फुकट सोडल्या तर लोक दहाही घेतात, दारावर 550 मिळतात आणि खर्च 250 होतो, म्हणजे 300 उरतात. 20 आणि 10 रुपयांच्या वाटणाऱ्या शेवटच्या दोन राइडवर मालकाने 25-25 घातलेले असतात.

पाहुण्याच्या हाती शेवटी काहीच उरत नाही, हे खरे. राइड मात्र जेवढ्या व्हायला हव्यात तेवढ्याच होतात.

या गणिताची सगळी मदार सारखेपणावर आहे. शुल्क 321 केले की एकजात सगळे माघारी जातात. म्हणून 320 चा अंदाज चुकला तर चूक वरच्या बाजूला नसावी. आवडी निराळ्या असल्या की चित्र पालटते: 320 च्या दाराशी कमी हौशी माणूस अडतो. त्याला आत घ्यायचे तर शुल्क उतरवावे लागते, आणि ती तूट बारा राइड घेणाऱ्याकडून काढायला कूपन खर्चापेक्षा थोडे महाग ठेवणे बहुधा परवडते.