बँकेला न विचारता उघडणारं फाटक

लंडनच्या भुयारी रेल्वेत 2014 पासून प्रवासी बँकेचं कार्ड टेकवून आत जातात. फाटकाला निर्णयासाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात बँकेचं उत्तर येईलच असं नाही, म्हणून कार्ड अस्सल आहे का, हे फाटकावरचं यंत्रच तपासतं.

यंत्रात व्हिसा, मास्टरकार्ड अशा कंपन्यांच्या सार्वजनिक किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. कार्ड दोन प्रमाणपत्रं पुढे करतं. कंपनीने बँकेला दिलेलं प्रमाणपत्र तपासलं की बँकेची किल्ली मिळते, आणि तिने दुसरं तपासलं की कार्डाची. मग यंत्र एक ताजा, कुणाला आधी ओळखता न येणारा आकडा पाठवतं. चिप आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते आणि यंत्र ती पडताळतं.

खरी ताकद या ताज्या आकड्यात आहे. जुन्या, स्वस्त पद्धतीत बँकेची एकच, न बदलणारी सही कार्डावर असे. ती दुसऱ्या चिपवर उतरवली की ऑफलाइन यंत्र फसायचं. गुप्त किल्ली मात्र चिपबाहेर येतच नाही.

खात्यात पैसे आहेत का, हे सहीतून कळत नाही. ती विचारणा बँकेकडे नंतर होते. बँकेने नकार दिला, तर कार्ड फाटकांच्या नकारयादीत जातं आणि पुढच्या वेळी प्रवेश मिळत नाही.