आजाराचं नाव न घेता रजेचा मेल

सहकारी बँकेच्या आस्थापना विभागात बसलं की रजेचे मेल वाचणं हे रोजचंच काम होतं. प्रत्येक शाखेतून मेल शाखाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून आमच्याकडे येतो आणि मग रजेच्या नोंदवहीत चढतो. त्यातले पुष्कळसे एकाच साच्याचे असतात : ताप आलाय, पोट बिघडलंय, पाठ धरलीय. खरोखर ताप असेल तर प्रश्नच नाही. पण ज्यांना आजार खरा असूनही त्याचं नाव ऑफिसात जायला नको असतं, ती माणसंही ताप किंवा पोटच लिहितात. नाव लिहायचं नसेल तर दुसरं एखादं नाव द्यावंच लागतं, असा ठाम समज असतो. खरं तर तसं काहीच द्यावं लागत नाही.

एका शाखेतल्या कर्ज विभागाच्या सहकारी सोमवारी दुपारी माझ्याकडे आल्या. त्यांना दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस रजा हवी होती. आजार होता, उपचार सुरू होते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मोबाईलवर त्यांनी मेल तयार करून ठेवला होता, पाठवलेला नव्हता. तो असा होता :

“साहेब, काल रात्री बाहेर जेवल्यामुळे पोट फार बिघडलं आहे. रात्रभर उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सलाईन लावावं लागेल असं सांगितलं आहे. त्यामुळे उद्यापासून येऊ शकणार नाही. क्षमस्व.”

“ताई, एवढं लिहिलं की कोणी काही विचारणार नाही,” त्या म्हणाल्या.

माझा अनुभव नेमका उलटा आहे. तपशील दिला की प्रश्न सुरू होतात. कुठं जेवलात, आणखी कोणाला त्रास झाला, सलाईन कुठल्या दवाखान्यात लावलं? शिवाय बिघडलेलं पोट बहुधा एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतं, आणि यांना तीन दिवस हवे होते, कदाचित जास्तही. म्हणजे बुधवारी दुसरी गोष्ट रचायची, ती पहिलीशी जुळवायची, आणि परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत दोन्ही लक्षात ठेवून बोलायचं. आजारी माणसाच्या मागे हे एक जादा काम लागतं.

खरी अडचण मात्र दाखल्याची होती. आमच्या सेवानियमांत दोन दिवसांपेक्षा जास्त आजारी रजा असेल तर डॉक्टरांचा दाखला लागायचा. दाखल्यात आजाराचं नाव नसलं तरी लेटरहेडवर डॉक्टरांची पदवी आणि विशेष विषय छापलेला असतोच. मेलमध्ये पोट आणि दाखल्याच्या माथ्यावर भलताच विषय, हा विसंगतपणा आमच्या टेबलावर पहिल्याच नजरेला दिसतो. आजार खरा, रजा रास्त, तरी कागदावर माणूस खोटं बोलल्याचं दिसतं. पुढे कधी चौकशी निघाली तर आजाराबद्दल कोणी विचारत नाही, त्या मेलबद्दल विचारतात.

मग आम्ही मेल नव्याने लिहायला बसलो. मी त्यांना आधी विचारलं की उद्या सकाळी शाखा उघडताना साहेबांचं काय अडेल. त्या लगेच म्हणाल्या, “किल्ली.”

बँकेत काम न केलेल्यांसाठी सांगते. तिजोरी एका माणसाला उघडता येत नाही. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. त्यातली एक किल्ली आमच्या या सहकाऱ्यांकडे होती. त्या मंगळवारी नुसत्या आल्या नसत्या तर दहा वाजता काउंटरवर माणसं उभी आणि कॅश आत, असा प्रसंग आला असता. साहेबांना आजाराचं नाव कळून त्यात काडीचा फरक पडला नसता. त्यांना किल्ली कोणाकडे आहे ते कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट पासवर्डची. कर्ज खात्यातली एन्ट्री एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, अशी पद्धत असते. आजारी पडलेली माणसं घाईत आपला पासवर्ड शेजारच्याला सांगून मोकळी होतात. हे कधीही करू नये, कारण त्या आयडीवर जे होईल त्याला जबाबदार आयडीचा मालकच असतो. पास करण्याचे अधिकार तीन दिवसांसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या आयडीला द्यावेत, एवढी विनंती मेलमध्ये केली की पुरतं.

या दोन गोष्टी ठरल्यावर मेलला आकार आला. सोमवारी संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर त्यांनी किल्ली तिसऱ्या एका अधिकाऱ्यांकडे दिली, किल्ल्यांच्या नोंदवहीत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही झाली, आणि त्यानंतरच मेल गेला :

“विषय : आजारी रजा, मंगळवार ते गुरुवार

मा. शाखाधिकारी साहेब,

तब्येतीच्या कारणामुळे डॉक्टरांनी मला तीन दिवस विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे मंगळवार ते गुरुवार आजारी रजा मंजूर करावी, ही विनंती. शुक्रवारी कामावर येण्याचा विचार आहे. त्यात बदल झाल्यास गुरुवारी दुपारी चारपर्यंत कळवीन.

माझ्याकडील किल्ली आज नोंद करून सुपूर्त केली आहे. माझे पासिंगचे अधिकार या तीन दिवसांसाठी दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे द्यावेत. मंजुरीसाठी आलेली दोन कर्जप्रकरणं टेबलाच्या डाव्या कप्प्यात आहेत. एका प्रकरणात जामीनदाराची सही बाकी आहे, दुसरं पूर्ण आहे.

रजेत फोन घेणं जमणार नाही. फारच अडलं तर मेसेज करावा, संध्याकाळी बघेन. डॉक्टरांचा दाखला परत आल्यावर आस्थापना विभागाकडे देईन.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. ‘डॉक्टरांनी सांगितली आहे’ हे लिहिलं कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांकडे गेलाच नसाल तर ‘तब्येत ठीक नसल्याने’ एवढंच लिहावं, डॉक्टरांना मध्ये आणू नये. ‘वैयक्तिक कारणामुळे’ असंही आम्ही लिहिलं नाही. ते लिहिलं की आमच्याकडचा कारकून ती रजा किरकोळ रजेत धरतो, आणि आजारी रजा शिल्लक असताना सीएल कापली जाते. आजार मनाचा असो, शरीराचा असो, तो तब्येतीतच मोडतो. घरात मूल आजारी असेल किंवा नुसती दमणूक झाली असेल, तर मात्र आजारी रजा मागू नये. तिथे सरळ सीएल टाकावी, तिला कारण लागत नाही.

विषयाच्या ओळीत आजार नको, याचं कारण मी रोज पाहत आले आहे. ती ओळ उघड्या स्क्रीनवर कोपऱ्यात चमकते, आणि मेल पुढे जातो तेव्हा ती जशीच्या तशी पुढे जाते. शाखाधिकारी ‘माहितीसाठी’ म्हणून तो मुख्य कार्यालयात पाठवतात, तिथून संगणक विभागात अधिकार बदलण्यासाठी जातो. किल्लीसाठी लिहिलेल्या मेलबरोबर आजारही सगळीकडे फिरतो. शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रजा कळवू नये, तेही याचसाठी.

मेलपेक्षा अवघड असतो तो नंतरचा फोन. त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला, आणि तो काळजीपोटीच होता. “काय झालं एकदम?” यावर काय बोलायचं ते आम्ही आधीच ठरवलं होतं : “साहेब, तब्येतीचंच आहे, उपचार चालू आहेत. तपशील माझ्यापाशीच ठेवते. गुरुवारी नक्की कळवते.” ‘काळजीचं काही कारण नाही’ हे आपल्याकडे सवयीने तोंडात येतं. ते खरं असेल तरच म्हणावं, कारण आजार काळजीचा असताना ते म्हटलं तर तेही रचलेलंच ठरतं. मग समोरचा अंदाज करायला लागतो. पित्त का? डेंग्यू तर नाही ना? एका अंदाजाला ‘नाही’ म्हटलं की दुसरा येतो, आणि नको असलेल्या प्रश्नांना नाही-नाही म्हणत माणूस खऱ्या उत्तरापाशी पोचतो. भिडेपोटी एखाद्याला ‘हो’ म्हटलं तर गोष्ट रचल्यासारखंच झालं. अंदाजांना उत्तर न देता तेच वाक्य मऊ आवाजात पुन्हा म्हणावं. साहेबांनी दुसऱ्यांदा ऐकल्यावर “बरं, आराम करा” म्हटलं.

दाखल्याचं थोडं विस्ताराने सांगायला हवं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांत रजेसाठीच्या दाखल्याचा नमुना आहे, आणि त्यात आजाराचं नाव लिहिण्याची रिकामी जागा आहे. त्यामुळे काही डॉक्टर विचार न करता ती भरतात. त्याच विनियमांत रुग्णाची गुपितं उघड न करण्याचं बंधनही डॉक्टरांवर आहे. म्हणून दाखला घेतानाच सांगावं की नाव नको. ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांतीची गरज आहे’ एवढं लिहा. आमच्याकडे ते चालायचं. एखाद्या ऑफिसचा नियम नाव मागत असेल, तर बंद पाकीट थेट आस्थापनेच्या माणसाच्या हातात द्यावं, साहेबांच्या टेबलावर ठेवू नये. लेटरहेडचा प्रश्नही त्यातच सुटतो. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्यानेच संमतीशिवाय माहिती उघड करायला लावण्यावर बंधन घातलेलं आहे, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

पण आपल्या ऑफिसात आजारी रजा किती आणि दाखला केव्हा, हे प्रत्येकाने आपापल्या नियमांत बघावं. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा मिळते. आजारी रजेची वेगळी तरतूद त्यात नाही, ती त्या-त्या कंपनीच्या नियमांतून येते. आणि मौन पाळण्यालाही मर्यादा आहे. आजार संसर्गाचा असेल आणि शेजारी बसणाऱ्यांनी तपासून घ्यायला हवं असेल, तर ते सांगायलाच हवं. कामावर असताना इजा झाली असेल तर ती लपवली की भरपाईचा हक्क अडचणीत येतो.

गुरुवारी दुपारी त्यांची तब्येत हवी तशी सुधारलेली नव्हती. तीनच्या सुमारास दुसरा मेल आला : “सोमवारच्या मेलला अनुसरून, डॉक्टरांच्या सल्ल्याने रजा शनिवारपर्यंत वाढवावी. किल्ली आणि पासिंगची व्यवस्था आहे तशीच ठेवावी. सोमवारी हजर होईन.” पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं ते त्यांना उघडून बघावं लागलं नाही. साहेबांनी ‘मंजूर’ एवढंच लिहून तो आमच्याकडे पाठवला. नोंदवहीत मी तारखा चढवल्या, पुढे ‘आजारी रजा, दाखला येणे’ असं लिहिलं. सोमवारी पाकीट आल्यावर ‘येणे’ खोडून ‘प्राप्त’ केलं.