कीबोर्डच्या वहीत काय काय उतरतं?

‘उद्या’ लिहिताच फोन ‘येतो’ सुचवतो, कारण कोणत्या शब्दामागे कोणता येतो हे कीबोर्ड टिपत असतो. आडनावं, गावं, ईमेलचे पत्ते, सगळं त्याच्या खासगी शब्दकोशात जातं. फोनपुरतं ठीक, सिंक चालू केलं की तीच वही कंपनीच्या सर्व्हरवर पोचते. जुलै २०१६मध्ये स्विफ्टकी या कीबोर्डवर काहींना अनोळखी लोकांचे ईमेल पत्ते सुचू लागले, तेव्हा कंपनीला सिंक सेवा थांबवावी लागली.

पासवर्डचं काय? ॲप ‘ही पासवर्डची चौकट आहे’ असं कळवतं आणि चांगला कीबोर्ड तिथे शिकणं थांबवतो. पण तोच पासवर्ड आपण घरच्यांना मेसेजमधून पाठवला, नोट्समध्ये लिहिला किंवा घाईत युजरनेमच्या चौकटीत टाकला (हे माझं नेहमीचं), तर कीबोर्डच्या लेखी तो साधा शब्दच.

तपासणी सोपी आहे. कोऱ्या मेसेजमध्ये पासवर्डची पहिली तीन-चार अक्षरं लिहा. पुढचा भाग सुचला, तर कीबोर्डच्या सेटिंगमधून शिकलेले शब्द पुसा, सिंकवरची प्रतही पुसा आणि पासवर्ड त्याच दिवशी बदला.