जुन्या स्कूटरची जाहिरात : प्रश्न ऐकून पुन्हा लिहिताना

वापरलेली स्कूटर विकताना बहुतेक जाहिराती एकाच साच्यातल्या असतात : ‘स्कूटर विकणे आहे. कंडिशन उत्तम. सिंगल हँड. पेपर क्लिअर. किंमत चर्चेने.’ या मजकुरात खोटे काही नसते. पण ग्राहकाला निर्णय घेता येईल असेही त्यात काही नसते. म्हणून फोन येऊ लागतात आणि विकणारा तीच उत्तरे पुन्हा पुन्हा देत राहतो. जाहिरातीत नेमके काय राहून गेले आहे, हे त्या फोनवरूनच कळते.

त्यासाठी पहिल्या काही फोनमधले प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावेत आणि कोणता प्रश्न किती जणांनी विचारला, याच्या खुणा कराव्यात. एकानेच विचारलेला प्रश्न त्याच्या खास गरजेचा असू शकतो. तीन-चार अनोळखी माणसे तोच प्रश्न विचारतात, तेव्हा ती माहिती जाहिरातीत हवी होती हे नक्की. स्कूटरच्या बाबतीत असे प्रश्न साधारण ठरलेले असतात : मॉडेल कधीचे, रनिंग किती, पासिंग कुठले, इन्शुरन्स आहे का, लोन आहे का आणि शेवटची किंमत किती.

हे प्रश्न दोन प्रकारचे असतात. वर्ष, रनिंग आणि पासिंग जाहिरातीत लिहिलेलेच नव्हते. ते लिहिले की काम झाले. इन्शुरन्स आणि लोनचे प्रश्न मात्र ‘पेपर क्लिअर’ असे लिहूनही येतात, कारण त्या दोन शब्दांतून ग्राहकाला पक्के काही कळत नाही. अशा वेळी ‘पेपर एकदम क्लिअर’ असा जोर देऊन उपयोग होत नाही. ते शब्द काढून त्यांच्या जागी वस्तुस्थिती लिहावी लागते.

इन्शुरन्सचेच पाहू. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे ‘इन्शुरन्स चालू आहे’ असे म्हणणाऱ्या गाडीचा दुसरा विमा कधीच संपलेला असू शकतो. दोन्हींची स्थिती वेगवेगळी लिहिली, तरच ग्राहकाला पुढचा खर्च कळतो. लोनचेही तसेच आहे. हप्ते फिटले तरी आरसीवर बँकेचे नाव तसेच राहू शकते. ते काढायला बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो. म्हणून ‘लोन फिटले’ यापेक्षा ‘आरसीवरून बँकेचे नाव काढले आहे’ हे वाक्य जास्त उपयोगी पडते. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकच चालवणारा की आरसीवरचा पहिला मालक, हाही घोळ होतो; तिथे ‘पहिला मालक’ असे स्पष्ट लिहावे.

नोंदणी नोव्हेंबर 2021 ची असलेल्या एका गाडीची जाहिरात नमुन्यादाखल अशी होईल :

‘110 सीसी स्कूटर. नोंदणी नोव्हेंबर 2021, पासिंग एमएच 14, पहिला मालक. रनिंग 31,400 किमी. थर्ड पार्टी विमा नोव्हेंबर 2026 पर्यंत. गाडीच्या नुकसानीचा विमा नाही. लोन फेडले असून आरसीवरून बँकेचे नाव काढले आहे. मागचा टायर 28,000 किमीला बदलला, पुढचा मूळचाच आहे. थंडीत सकाळी कधी किक मारावी लागते. डाव्या पॅनेलवर ओरखडा, फोटो दिला आहे. किंमत 52,000, गाडी पाहून थोडी कमी होईल.’

किक आणि ओरखडा यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. गाडी पाहायला आलेल्या माणसाला हे दोष दिसणारच. ते आधी न सांगितल्यास तो बाकीच्या माहितीवरही शंका घेतो आणि भाव पाडतो. मात्र प्रश्न आला म्हणून सगळेच छापायचे नसते. आरसीचा पूर्ण फोटो, चासी नंबर आणि घरचा पत्ता जाहिरातीत देऊ नये. कागद प्रत्यक्ष भेटीत दाखवावेत.

बदल साधला की नाही, हेही फोनवरूनच समजते. ‘रनिंग किती’ची जागा ‘कधी पाहायला येऊ’ने घेतली, तर मजकूर पुरेसा झाला. घासाघीस मात्र सुरूच राहते. ‘शेवटचे किती’ हा प्रश्न माहितीच्या कमतरतेचा नाही, त्यासाठी जाहिरात बदलू नये. लिहिलेली गोष्टच लोक पुन्हा विचारत असतील, तर ती लांब वाक्यात दडली आहे असे समजून वर आणावी. फोन कमी झाले म्हणूनही घाबरू नये : एमएच 14 पासिंग नको असलेला किंवा 52,000 न परवडणारा ग्राहक आता वाचूनच थांबतो आणि दोघांचाही वेळ वाचतो.